माहिती अधिकारात ‘निरंक’, ‘नियमानुसार’ असं उत्तर आलं? अपील करायचं की नवा अर्ज, हे असं ठरवा

ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, महिनाभर वाट पाहिली आणि शेवटी पोस्टमनने पाकीट आणून दिलं. उघडून बघावं तर आत एकच कागद. त्यावर ‘काम नियमानुसार झाले आहे’, ‘माहिती निरंक’, ‘या कार्यालयाशी संबंधित नाही’ अशा चार ओळी, खाली गोल शिक्का आणि सही. अर्जदार वैतागतो, कागद कपाटात टाकतो आणि विषय तिथेच संपतो. काही जण उलट टोकाला जातात आणि रागाच्या भरात पाच पानी अपील लिहितात. त्यात माहितीपेक्षा आरोपच जास्त असतात, आणि ते अपील सुनावणीत टिकत नाही.

खरं तर मोघम उत्तरसुद्धा नीट वाचलं तर बरंच काही सांगून जातं. कुठल्या मुद्द्यावर माहिती दडवलीय, कुठल्या मुद्द्यावर आपलाच प्रश्न चुकलाय आणि कुठे माहिती खरोखर दुसऱ्या कार्यालयात आहे, हे त्या चार ओळींतूनच कळतं. ते कसं ओळखायचं, हे एका गावातल्या रस्त्याच्या उदाहरणावरून पाहू.

अर्ज काय होता, उत्तर काय आलं

गावातल्या वस्तीवर पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून सिमेंट काँक्रीटचा रस्ता झाला. पहिल्याच पावसाळ्यात त्याची खडी वर आली. वस्तीवरच्या एका शेतकऱ्याने आधी ग्रामपंचायतीत लेखी तक्रार दिली. तिचं काहीच झालं नाही, म्हणून त्याने ३ जून २०२५ रोजी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून नमुना ‘अ’मध्ये माहिती अधिकाराचा अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. अर्जात पाच मुद्दे होते.

१. रस्त्याच्या अंदाजपत्रकाची आणि तांत्रिक मान्यतेची प्रत.
२. या कामाच्या मोजमाप पुस्तिकेतील नोंदींच्या प्रती.
३. ठेकेदाराला दिलेल्या देयकांच्या व प्रमाणकांच्या प्रती.
४. रस्ता एका पावसाळ्यात का उखडला?
५. या कामाबाबत आलेल्या तक्रारी आणि त्यावर केलेली कार्यवाही, यांच्या प्रती.

जन माहिती अधिकाऱ्याचं, म्हणजे इथे ग्रामपंचायत अधिकाऱ्याचं (गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात) उत्तर असं आलं:

१. सदर काम मंजूर अंदाजपत्रकाप्रमाणे नियमानुसार पूर्ण करण्यात आले आहे.
२. मोजमाप पुस्तिका या कार्यालयाशी संबंधित नाही.
३. माहिती वैयक्तिक स्वरूपाची व त्रयस्थ पक्षाशी संबंधित असल्याने कलम ८(१)(ञ) नुसार देता येत नाही.
४. प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देणे अभिप्रेत नाही.
५. निरंक.

मजकुराआधी तारखा वाचा

उत्तर हातात पडलं की पहिल्यांदा पाकीट जपून ठेवायचं. बरेच जण पाकीट फाडून चुलीत घालतात आणि पुढे अडकतात. या उदाहरणात पत्रावर तारीख होती ३० जून. पण पाकिटावर टपालाचा शिक्का होता ४ जुलैचा आणि ते अर्जदाराला मिळालं ७ जुलैला. अर्ज ३ जूनला कार्यालयात पोचला होता. कायद्याने तीस दिवसांत, म्हणजे ३ जुलैपर्यंत उत्तर जायला हवं होतं. कागदावर मुदतीत दिसणारं उत्तर प्रत्यक्षात मुदत संपल्यावर कार्यालयाबाहेर पडलं, हे फक्त पाकिटावरून कळलं.

याचा फायदा असा की, मुदत पाळली नाही तर कलम ७(६) प्रमाणे माहिती मोफत द्यावी लागते. एरवी एका पानाच्या झेरॉक्सला दोन रुपये पडतात. चाळीस-पन्नास पानं असली तर ती रक्कमही वाचते.

दुसरी तारीख अपिलाची. उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत पहिलं अपील करायचं असतं. ७ जुलैला मिळालं, म्हणजे ६ ऑगस्टपर्यंत. पण शहाणपण यातच की, हिशेब पत्रावरच्या तारखेपासून धरावा आणि ३० जुलैच्या आत अपील देऊन टाकावं, म्हणजे मुदतीवरून वाद घालायला कुणाला जागाच राहत नाही. उत्तर अजिबात आलं नसतं, तर ३ जुलैला माहिती नाकारली असं कायदा धरतो आणि तिथून पुढचे तीस दिवस, म्हणजे २ ऑगस्टपर्यंत अपील करता येतं. योग्य कारण असेल तर उशिरा आलेलं अपीलही घेता येतं, पण ते अपिलीय अधिकाऱ्याच्या हातात आहे. त्यावर विसंबू नये.

तिसरी गोष्ट पत्राच्या तळाशी बघायची. माहिती नाकारली असेल तर कलम ७(८) प्रमाणे उत्तरात तीन गोष्टी असाव्याच लागतात: नाकारण्याचं कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील. ग्रामपंचायतीच्या बाबतीत हा अधिकारी बहुतेक ठिकाणी पंचायत समितीतला विस्तार अधिकारी (पंचायत) किंवा गटविकास अधिकारी असतो. नाव-पदनाम दिलं नसेल तर ते पंचायत समितीच्या आवक-जावक टेबलावर विचारून घ्यावं आणि ‘उत्तरात अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील दिला नाही’ ही ओळ अपिलात लिहावी.

एका कागदावर तीन रकाने

आता मजकूर. वहीच्या पानावर तीन रकाने पाडायचे: काय मागितलं, काय दिलं, काय राहिलं. प्रत्येक मुद्दा वेगळा लिहायचा. असं केलं की पाचही मुद्द्यांचं उत्तर एकसारखं नाही, हे लगेच दिसतं. म्हणूनच ‘मला अपूर्ण व दिशाभूल करणारी माहिती दिली’ अशी एकच ओळ अपिलात लिहून भागत नाही. अपिलीय अधिकारी विचारतो, ‘नेमकं काय मिळालं नाही?’ आणि अर्जदार गडबडतो.

‘नियमानुसार झाले’: कागद मागितला, मत मिळालं

पहिल्या मुद्द्यात अंदाजपत्रकाची प्रत मागितली होती. उत्तरात प्रत नाही, काम कसं झालं याबद्दल अधिकाऱ्याचं मत आहे. हे उत्तरच नव्हे. पण या उत्तरात एक कबुली दडलेली आहे. ‘मंजूर अंदाजपत्रकाप्रमाणे’ असं लिहिलं, म्हणजे अंदाजपत्रक आहे आणि लिहिणाऱ्याला ते माहीत आहे. उद्या सुनावणीत ‘सापडत नाही’ म्हणायची सोय राहिली नाही.

‘कार्यवाही सुरू आहे’, ‘वरिष्ठांकडे अहवाल सादर केला आहे’, ‘योग्य ती दखल घेण्यात आली आहे’ ही उत्तरंही याच जातीची. त्यांतही कागदाची खूण असते. अहवाल सादर केला, तर त्याला जावक क्रमांक असणार. अशा मुद्द्यावर अपील करावंच. मात्र अपिलात भांडण न करता एवढंच लिहायचं की, प्रत मागितली होती, ती दिली नाही आणि नाकारण्याचं कोणतंही कलम सांगितलं नाही. माहिती नाकारणं योग्य होतं हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्यावर आहे, अर्जदारावर नाही.

‘या कार्यालयाशी संबंधित नाही’: खरंही असू शकतं

दुसरा मुद्दा मोजमाप पुस्तिकेचा, ज्याला सगळे एम.बी. म्हणतात. ग्रामपंचायतीच्या कामाची मोजमापं बहुधा जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाचे अभियंते नोंदवतात. त्यामुळे पुस्तिका खरोखरच तिकडे असू शकते. पण म्हणून एका ओळीत अर्ज झटकता येत नाही. माहिती दुसऱ्या कार्यालयात असेल तर कलम ६(३) प्रमाणे अर्जाचा तेवढा भाग पाच दिवसांत तिकडे पाठवायचा आणि अर्जदाराला तसं कळवायचं, असा कायदा आहे. इथे ना पाठवलं, ना कुणाकडे आहे ते सांगितलं. शिवाय मोजमापाच्या आधारावरच बिल निघतं. त्यामुळे बिलासोबत मोजमापाची प्रत ग्रामपंचायतीत आहे का, हाही प्रश्न उरतोच.

या मुद्द्यावर अर्जदाराने दोन्ही हातांनी काम करावं. अपिलात हा मुद्दा ठेवावा आणि त्याच दिवशी बांधकाम उपविभागाच्या कार्यालयात दहा रुपयांचा वेगळा अर्जही द्यावा. अपिलाचा निकाल यायला महिना-दीड महिना जातो. नव्या अर्जाचं उत्तर तीस दिवसांत यायला हवं. जे आधी हाती येईल ते.

पाच मुद्द्यांत सगळ्यात मोलाचा हाच मुद्दा होता. रस्ता किती लांब, किती रुंद आणि किती जाड धरून पैसे दिले, हे फक्त मोजमापात दिसतं. टेप घेऊन जागेवर जाऊन ताडून पाहता येईल असा कागद हाच. अपील करताना वेळ आणि जोर कुठे लावायचा, हे असं ठरवायचं.

‘वैयक्तिक माहिती’, ‘त्रयस्थ पक्ष’: कलम बघून घाबरू नये

तिसऱ्या मुद्द्याला मात्र कलम लावलेलं आहे. कलम दिसलं की अर्जदार माघार घेतो. कलम ८(१)(ञ) हे वैयक्तिक माहितीबद्दल आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या कलमाची शब्दरचना बदलली. पूर्वी ‘सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली’ वगैरे अटी त्यात होत्या, नव्या रचनेत सरळ ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच आहे. त्यामुळे हे कलम पुढे करून नकार देण्याचं प्रमाण वाढू शकतं आणि अर्जदाराने उत्तर तयार ठेवायला हवं.

उत्तर तीन भागांत आहे. पहिला, ग्रामपंचायतीने सार्वजनिक निधीतून केलेल्या कामाचं बिल आणि प्रमाणक हा ग्रामपंचायतीचा हिशेब आहे, ठेकेदाराच्या घरातली गोष्ट नव्हे. दुसरा, कलम ८(२) अजून कायद्यात आहे. माहिती सवलतीत बसत असली तरी ती उघड करण्यातलं जनहित मोठं असेल तर ती देता येते. म्हणून अपिलात जनहित एका वाक्यात नेमकं सांगायचं: ‘सार्वजनिक निधीतून झालेला रस्ता पहिल्याच पावसाळ्यात खराब झाला असून, झालेलं काम आणि दिलेली रक्कम पडताळून पाहणे आवश्यक आहे.’ तिसरा भाग कलम १० चा. कागदावर ठेकेदाराचा बँक खाते क्रमांक, पॅन क्रमांक असेल तर तेवढा झाकून बाकीची प्रत द्यायची, असं कायदाच सांगतो. अर्जदाराने स्वतःहून लिहावं की, ‘खाते क्रमांक व पॅन क्रमांक वगळून प्रत द्यावी.’ मग नकाराला फारसा आधारच राहत नाही.

‘त्रयस्थ पक्ष’ हा शब्दही नुसता लिहून चालत नाही. कलम ११ प्रमाणे, त्रयस्थाने दिलेली आणि त्याने गोपनीय मानलेली माहिती द्यायची असेल, तर अर्ज आल्यापासून पाच दिवसांत त्याला नोटीस द्यायची आणि त्याला म्हणणं मांडायला दहा दिवस द्यायचे. त्याने नको म्हटलं तरी अंतिम निर्णय जन माहिती अधिकाऱ्यालाच घ्यायचा असतो. अपिलात विचारावं: ‘कलम ११ची नोटीस दिली होती का? असल्यास तिची प्रत मिळावी.’ नोटीस दिलेलीच नसेल तर ते सुनावणीत पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं.

वित्त आयोगाच्या पैशांबाबत आणखी एक गोष्ट करता येते. egramswaraj.gov.in या संकेतस्थळावर ग्रामपंचायतनिहाय जमा-खर्च पाहता येतो. आपल्या कामाचा खर्च तिथे दिसत असेल तर ते पान छापून अपिलाला जोडावं. जे सरकारनेच सगळ्यांसमोर ठेवलंय ते ‘वैयक्तिक’ कसं, हा प्रश्न मग वेगळा विचारावा लागत नाही.

‘प्रश्नार्थक’: इथे चूक अर्जदाराची

चौथ्या मुद्द्यावर अपील करू नये. ‘रस्ता का उखडला?’ हा प्रश्न रास्त आहे, पण तो माहिती अधिकारात बसत नाही. या कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयात कागदावर, फायलीत, संगणकात असलेली गोष्ट. अधिकाऱ्याने विचार करून कारण सांगणं त्यात येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये ‘का’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे, असं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये, नसलेली माहिती तयार करून देणं किंवा मत देणं कार्यालयावर बंधनकारक नाही, असं स्पष्ट केलं.

हा मुद्दा अपिलात ठेवला तर नुकसानच होतं. अपिलीय अधिकारी या एका मुद्द्यावर बोट ठेवून ‘अर्ज प्रश्नार्थक आहे’ म्हणत अख्खं अपील निकाली काढू शकतो. त्यापेक्षा प्रश्नाचा कागद करायचा. रस्ता का उखडला हे ज्या कागदांतून कळेल ते नव्या अर्जात मागायचे: काँक्रीटच्या क्यूब चाचणीचा अहवाल, कामपूर्णत्वाचा दाखला, आणि कार्यारंभ आदेशातली किंवा करारनाम्यातली दोष दुरुस्तीच्या मुदतीची अट. ही मुदत चालू असेल तर ठेकेदाराकडून रस्ता दुरुस्त करून घ्यायची मागणी ग्रामसभेत करता येते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, हेही नवा अर्ज लिहिताना ध्यानात ठेवायचं.

‘निरंक’: पुरावा असेल तरच भिडा

निरंक म्हणजे शून्य, अशी नोंदच नाही. हे उत्तर खरं असेल तर त्यावर अपील करून काही मिळत नाही, कारण नसलेला कागद कुणी आदेश दिला म्हणून तयार होत नाही. म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: नोंद आहे, असं दाखवणारं काही आपल्याकडे आहे का?

या उदाहरणात होतं. अर्जदाराने स्वतःच तक्रार दिली होती आणि तिच्या प्रतीवर ग्रामपंचायतीचा आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख होती. तरी उत्तर आलं ‘निरंक’. म्हणजे उत्तर चुकीचं आहे, हे एका कागदाने सिद्ध झालं. ती प्रत अपिलाला जोडायची आणि लिहायचं, ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुकची तक्रार नोंद असतानाही निरंक असे कळवले आहे.’ असा कागद नसेल तर आवक नोंदवहीच्या त्या महिन्याच्या पानांची प्रत नव्या अर्जाने मागावी. निरंक खरं की खोटं ते तिथे दिसतं.

‘निरंक’ आणि ‘अभिलेख आढळून येत नाही’ यांत फरक आहे. दुसऱ्याचा अर्थ कागद होता, पण आता सापडत नाही. हे माहिती नाकारण्याचं कारण कायद्यात कुठेच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं की, कधीकाळी असलेला कागद सापडत नसेल तर तो कसून शोधला पाहिजे आणि हरवल्याची जबाबदारी निश्चित केली पाहिजे. महाराष्ट्रात सरकारी कागदपत्रं जपण्यासाठी २००५ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियमही आहे. असं उत्तर आलं तर अपिलात शोध घेण्याचा लेखी आदेश आणि सापडत नसल्यास तसं प्रतिज्ञापत्र मागावं.

‘कार्यालयात येऊन पाहावे’

या उदाहरणात नसलेलं, पण हमखास येणारं आणखी एक उत्तर म्हणजे ‘माहिती विस्तृत असल्याने कार्यालयीन वेळेत येऊन अवलोकन करावे’. मागितलेली पानं दहा-वीस असतील तर हे टाळाटाळीचं उत्तर आहे आणि त्यावर अपील होतं. कलम ७(९) फक्त माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याबद्दल आहे, नकार देण्याबद्दल नाही. पण चार-पाच वर्षांची दप्तरं मागितली असतील तर जाऊन पाहणंच फायद्याचं ठरतं. पहिल्या तासाला शुल्क नाही. फाइल बघत हव्या त्या पानांचे क्रमांक लिहून घ्यायचे आणि तिथेच लेखी देऊन तेवढ्याच प्रती मागायच्या.

तिथे एकच गोष्ट सांभाळायची. ‘माहिती मिळाली, समाधान झाले, तक्रार नाही’ अशा कागदावर प्रती हातात पडण्याआधी सही करायची नाही. नंतर अपिलात तोच कागद पुढे येतो. सही करायचीच असेल तर ‘आज फक्त अवलोकन केले, अमुक पानांच्या प्रती मिळणे बाकी’ असं स्वतःच्या हाताने वर लिहून मग करावी.

अपील कसं लिहिलं

रकाने भरून झाल्यावर चित्र साफ झालं. मुद्दा १, २, ३ आणि ५ वर अपील. मुद्दा ४ सोडायचा आणि त्याच्या जागी नवा अर्ज. शिवाय एम.बी.साठी उपविभागाकडे वेगळा अर्ज.

पहिलं अपील नमुना ‘ब’मध्ये, वीस रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून द्यायचं असतं. त्यात उत्तर मिळाल्याची तारीख आणि अपिलाची शेवटची तारीख असे रकाने असतात. ते पाकीट बघून भरले. सोबत अर्जाची पोच घेतलेली प्रत, आलेलं उत्तर, पाकिटाची झेरॉक्स आणि शिक्का असलेली तक्रार जोडली. कारणांच्या रकान्यात फक्त एवढंच लिहिलं:

‘मुद्दा १: अंदाजपत्रक व तांत्रिक मान्यतेची प्रत दिली नाही. नाकारण्याचे कलम नमूद नाही.
मुद्दा २: माहिती अन्य कार्यालयाकडे असल्यास कलम ६(३) नुसार अर्ज हस्तांतरित केला नाही.
मुद्दा ३: सार्वजनिक निधीच्या खर्चाची कागदपत्रे आहेत. कलम ८(२) नुसार जनहित आहे. खाते व पॅन क्रमांक वगळून कलम १० नुसार प्रती द्याव्यात. कलम ११ ची नोटीस दिली असल्यास तिची प्रत मिळावी.
मुद्दा ५: सोबत जोडलेली तक्रार आवक असताना निरंक कळवले.
मुद्दा ४ बाबत अपील नाही.
उत्तर ४ जुलै रोजी टपालात टाकले असल्याने कलम ७(६) नुसार सर्व प्रती विनामूल्य मिळाव्यात.’

अपिलात नवी माहिती मागितली नाही. मूळ अर्जात नसलेला कागद अपिलात मागितला तर तो मिळत नाही, उलट सुनावणी भरकटते. ‘ग्रामसेवकाला दंड करा’ असंही लिहिलं नाही. दिवसाला अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजार, हा दंड करण्याचा अधिकार फक्त राज्य माहिती आयोगाला आहे, पहिल्या अपिलीय अधिकाऱ्याला नाही.

सुनावणी आणि त्यानंतर

हे अपील २१ जुलैला पंचायत समितीत दिलं. पहिल्या अपिलाचा निकाल तीस दिवसांत, म्हणजे २० ऑगस्टपर्यंत, आणि लेखी कारण नोंदवून जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, म्हणजे ४ सप्टेंबरपर्यंत लागायला हवा. सुनावणीला अर्जदार स्वतः गेला आणि तोच तीन रकान्यांचा कागद पुढे ठेवला. जाणं जमत नसेल तर लेखी म्हणणं पाठवता येतं, पण गेलेलं बरं. सुनावणीत ग्रामपंचायत अधिकाऱ्याने ‘आता देतो’ म्हटलं, तरी अर्जदाराने ‘काय देणार आणि किती दिवसांत, हे आदेशात मुद्देनिहाय यावं’ असा आग्रह धरला. ‘अर्जदारास माहिती पुरवावी, अपील निकाली’ एवढ्याच आदेशाने पुन्हा तोच मोघम कागद येऊ शकतो. आदेश आला तो असा: चारही मुद्द्यांची माहिती पंधरा दिवसांत विनामूल्य द्यावी.

कागद मिळाले. मोजमापात रस्त्याची लांबी १०० मीटर, रुंदी ३ मीटर आणि जाडी १५ सेंटिमीटर दाखवली होती, म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. अर्जदाराने दोन शेजाऱ्यांना घेऊन टेप टाकला, तर लांबी भरली ८६ मीटर. रुंदी-जाडी नोंदीप्रमाणेच धरली तरी काँक्रीट होतं ३८.७ घनमीटर. सहा घनमीटरहून जास्त काँक्रीटचा हिशेब जुळत नव्हता. माहिती अधिकाराचं काम इथे संपलं. आता या दोन आकड्यांसह तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे गेली आणि जागेवर फेरमोजणीची मागणी झाली.

आदेश होऊनही माहिती दिली नसती, किंवा पंचेचाळीस दिवसांत आदेशच झाला नसता, तर दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे नव्वद दिवसांत करता येतं. नमुना ‘क’, शुल्क वीस रुपये. तिथे प्रकरणांची रांग मोठी असते आणि तारीख लागायला बराच काळ जातो. काही जण थेट आयोगाकडे कलम १८ची तक्रार करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं आहे की, अशा तक्रारीवर आयोग दंडाचा विचार करू शकतो, पण माहिती देण्याचा आदेश देऊ शकत नाही. कागद हवा असेल तर वाट अपिलाचीच आहे.

थोडक्यात ठरवायचं कसं

कागद मागितला आणि मत मिळालं, किंवा कलम न सांगता नकार आला, तर अपील. कलम सांगितलं असेल तर ते या माहितीला खरंच लागतं का ते बघून, झाकायचा भाग वगळून प्रत मागत अपील. माहिती दुसऱ्या कार्यालयात असेल तर अपील आणि तिकडे नवा अर्ज, दोन्ही. निरंक असेल तर हातात पुरावा असला तरच अपील. आणि आपणच ‘का’, ‘कसं’, ‘कोण जबाबदार’ असं विचारलं असेल किंवा कामाचं नाव-वर्षच लिहिलं नसेल, तर अपिलात दीड महिना घालवण्यापेक्षा दहा रुपयांचा नवा अर्ज, नेमक्या कागदाचं नाव लिहून.